प्रोजेक्टाइलचं रेंजचं सूत्र कसं काढतात कोणी सोपं करून सांगेल का? आणि ४५ अंशालाच जास्तीत जास्त रेंज का येते?

सूत्र काढायला पाच मिनिटं पुरतात. पण या ४५ ने आमच्या घरात एक भांडण लावलंय ते अजून मिटलेलं नाही, म्हणून उत्तर जरा लांबेल.

आधी तुमचं काम. वेग u, कोन θ. वर जायचा वेग u sinθ, पुढे जायचा u cosθ. वरचा वेग दर सेकंदाला g ने कमी होतो, म्हणजे टोकाला पोचायला u sinθ / g इतका वेळ लागतो आणि खाली यायला तेवढाच, एकूण 2u sinθ / g. तेवढ्या वेळात पुढचा वेग तसाच राहतो कारण आडवं ओढणारं कोणी नाही. गुणाकार करा:

R = u² · 2 sinθ cosθ / g = u² sin 2θ / g

साइन १ च्या वर जात नाही आणि १ होते ९० ला, म्हणून 2θ = 90, θ = 45. डेरिव्हेटिव्ह घ्यायची गरजच नाही. आणि sin 2θ वर विश्वास बसत नसेल तर असं बघा, (sinθ − cosθ)² कधी ऋण नसतो, तो सोडवला की 2 sinθ cosθ हे १ पेक्षा मोठं होऊ शकत नाही हे दिसतं, आणि बरोबर १ तेव्हाच जेव्हा दोन्ही सारखे. कमी कोनात गोळा पळतो जोरात पण लगेच पडतो, जास्त कोनात हवेत खूप वेळ राहतो पण पुढे सरकत नाही.

आता खरी गोष्ट. मी अकरावीला नुकतंच हे शिकलेलो आणि दादा बारावीला, गोळाफेकीत तालुक्यात पहिला यायचा, साडेअकरा मीटर ठरलेलं. मी ग्राउंडवर जाऊन बघितलं तर हा फेकतो एकदम सपाट, पस्तीसच्या आसपास. मी म्हटलं अरे दादा तू फुकट घालवतोयस, फिजिक्स सांगतं ४५. पीटीचे सर नको म्हणत होते, त्यांना मी वहीत सूत्र काढून दाखवलं, (किती शहाणा होतो मी!). स्पर्धेत दादाने वर बघून फेकला आणि टेप लावली तर साडेदहा. मेडल गेलं. तेव्हापासून घरात कुठलाही विषय निघाला की "हा बघा आमचा ४५ वाला".

बरीच वर्षं मला वाटायचं की चूक उंचीची होती. वरचं सूत्र जिथून फेकलं त्याच पातळीला पडतं असं धरतं, आणि गोळा सुटतो खांद्याच्या वरून, समजा १.८ मीटरवरून. मग बेस्ट कोन येतो tanθ = u / √(u² + 2gh) वरून. u = 10 मीटर पर सेकंद, g = 10 धरा, 2gh = 36, कोन आला साधारण ४०.६. म्हटलं सापडलं! पण मग एकदा नीट आकडे टाकले. त्याच वेगाला ३५ अंशाला ११.५० मीटर, ४०.६ ला ११.६६, ४५ ला ११.५६. म्हणजे माझ्या कोनाने दादाचा गोळा सहा सेंटिमीटर लांबच पडायला हवा होता!! कमाल बिंदूजवळ हा आलेख इतका चपटा असतो की पाच अंश इकडे तिकडे झाले तरी फार काही बिघडत नाही.

मग मीटर गेला कुठे? वेगात. सूत्रात आपण u गुपचूप कायम धरतो, जसं काही तोफ आहे. माणसाचा हात तोफ नाही. खांदा पुढे ढकलायला तगडा असतो, वर ढकलताना कमी पडतो, आणि वर गोळ्याचं वजनही उचलावं लागतं, त्यामुळे कोन वाढवला की u आपोआप कमी होतो. आणि u चा तर वर्ग आहे. १० चा ९.५ करा, ४५ ला रेंज येते १०.५६. दादाचे साडेदहा! म्हणूनच जगातले मोठे गोळाफेकपटूही ४५ ला फेकत नाहीत, ३५ ते ३८ च्या आसपास सोडतात.

तर सूत्र बरोबर होतं, लावणारा अर्धवट होता. पण दादा, तू जो म्हणतोस ना की पुस्तकातलं सगळं थापा असतात, तेही चूक, कारण तुझा मीटर कुठे गेला हे शेवटी पुस्तकातल्याच गणिताने सांगितलं, तुझ्या पीटीच्या सरांनी नाही. (ते फक्त नको म्हणाले होते, का ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. बरोबर होते हे मान्य.)

हां, आणि विचारणाऱ्याने हे सगळं पेपरात लिहू नका, तिथे "पातळी सारखी, हवेचा रोध नाही" लिहून ४५ च लिहा. हवा धरली तर बॅडमिंटनच्या शटलला वगैरे हे सूत्र लागूच पडत नाही, गोळा जड असतो म्हणून त्याला हवेचा फारसा फरक पडत नाही.