मराठी संवादाचे लिप-सिंक: अनुस्वार, ‘फ’ आणि ‘व’

प्रश्न: ‘व्हिझीम’ला मराठीत काय म्हणावे? शिवाय, लिप-सिंकची साधने इंग्रजीच गृहीत धरतात आणि त्यांत तोंडाच्या आकृत्या जेमतेम नऊ-दहा असतात. ण, ळ, ठ, दोन प्रकारचे च यांना त्यांत जागाच दिसत नाही. मराठीसाठी जास्तीच्या आकृत्या काढाव्या लागतील का?

उत्तर: मी ‘मुखाकार’ हा शब्द वापरतो. भाषाविज्ञानात ‘फोनीम’ला ‘स्वनिम’ म्हणतात, त्यामुळे ‘दृक्स्वनिम’ हा शब्दही करता येईल आणि तो व्युत्पत्तीच्या दृष्टीने अधिक नेमका आहे, कारण फिशर यांनी 1968 मध्ये मूळ इंग्रजी शब्द वापरला तो डोळ्यांना दिसणारा स्वनिम याच अर्थाने. मात्र चित्रे काढणाऱ्या माणसाशी बोलताना ‘दृक्स्वनिम’ जड जातो. ‘मुखमुद्रा’ टाळावा, कारण त्या शब्दात चेहऱ्यावरचा भाव येतो, आणि इथे भावाचा संबंध नाही.

जास्तीच्या आकृत्या काढाव्या लागत नाहीत. ट आणि त, ण आणि न, ‘चार’मधला च आणि ‘चाक’मधला च या जोड्यांतला फरक जिभेने तोंडाच्या आत केलेला असतो आणि समोरून पाहणाऱ्याला तो दिसत नाही. प, ब, भ, म यांत ओठ सारखेच मिटतात. महाप्राण असो वा नसो, घोष असो वा नसो, चित्र एकच राहते. मराठी वर्णमाला मोठी आहे ती या न दिसणाऱ्या फरकांमुळे. खरी अडचण आकृत्या कमी असण्याची नसून, कोणता वर्ण कोणत्या आकृतीवर टाकायचा याचा साधनाने इंग्रजीवरून बांधलेला अंदाज चुकण्याची आहे, आणि तो नेमका जिथे ओठ हलतात तिथे चुकतो.

उदाहरणासाठी रुबार्ब हे मोफत साधन घेतो. त्यातल्या आकृत्यांना अक्षरांचीच नावे आहेत: A म्हणजे मिटलेले ओठ, B म्हणजे दात जवळ आणि ओठ किंचित उघडे, C म्हणजे उघडे तोंड, D म्हणजे पूर्ण उघडे, E म्हणजे जरा गोल, F म्हणजे चंबू. या सहा मूळ आकृत्या आहेत. यांशिवाय खालच्या ओठावर वरचे दात टेकलेली G, वरच्या दातांमागे जीभ दिसणारी H आणि विश्रांतीची X या तीन ऐच्छिक आकृत्या आहेत.

सर्वांत मोठी चूक साधनाची नसून आपली असते, ती म्हणजे संवाद रोमन लिपीत टंकून इंग्रजी शब्दकोशावर चालणाऱ्या साधनाला देणे. पापागायोसारखे साधन इंग्रजी शब्दाचे उच्चार सीएमयूच्या शब्दकोशातून घेते. त्याला न सापडणारा शब्द फारसा त्रास देत नाही, कारण तिथे ते थांबून आपल्यालाच उच्चार विचारते. घात होतो तो सापडणाऱ्या शब्दांनी. ‘तो’साठी टंकलेला to त्याला T UW म्हणून सापडतो आणि पात्र ‘तू’ म्हणत असल्यासारखे ओठ काढते. ‘हे’चा he होऊन ‘ही’ होतो. ‘पण’चा pan घेतला की इंग्रजी तव्याचा पसरट स्वर येतो. ‘डोळे’ हा dole झाला की शेवटचा ए नाहीसाच होतो आणि आवाज चालू असताना तोंड मिटत जाते. ph लिहिले की ओठ दातांखाली जातो; आणि ज्या संचात TH ला स्वतंत्र आकृती असते, तिथे ‘थांब’ म्हणताना पात्राची जीभ दातांतून बाहेर डोकावते. मराठी थ साठी जीभ दातांच्या मागेच राहते, हे वेगळे सांगायला नको.

म्हणून मजकूर देऊच नये. रुबार्बमध्ये शब्दांऐवजी नुसते ध्वनी ओळखण्याचा पर्याय आहे. तो वापरून पहिला खर्डा काढावा आणि मग हाताने दुरुस्त करावा:

```
rhubarb -r phonetic -f json -o samvad.json samvad.wav
```

हा पर्यायही ध्वनी इंग्रजीच्याच साच्यात ओळखतो. आपला ‘प’ त्याला पुष्कळदा ‘ब’ वाटू शकतो, पण आकृती दोघांची एकच असल्याने त्याने काही बिघडत नाही. लक्ष द्यायचे ते पुढच्या तीन ठिकाणी.

पहिले ठिकाण अनुस्वाराचे. लिहिताना टिंब एकच असले तरी ओठ तीन वेगळ्या गोष्टी करतात. ‘संत’, ‘अंगण’ यांत ते न् किंवा ङ् असते आणि ओठ हलत नाहीत. ‘कुटुंब’, ‘संप’, ‘थांबू’ यांत ते म् असते, म्हणजे पुढच्या प-ब बरोबर ओठ एकदाच मिटतात. त्या दोन व्यंजनांसाठी ओठ दोनदा मिटवणे ही नवख्याची हमखास चूक असते. आणि र, व, श, स, ह यांच्या आधी मराठीत अनुस्वाराचा उच्चार बहुधा नाकातल्या ‘व’सारखा होतो: ‘संशय’ हा ‘सौंशय’सारखा, ‘हंस’ हा ‘हौंस’सारखा, ‘सिंह’ हा ‘सिंव्ह’सारखा. इथे ओठ गोल होतात. अनुस्वाराला सरसकट N समजून B आकृती दिली की ‘संशय’, ‘संरक्षण’, ‘संवाद’ या शब्दांत ओठ सपाट राहतात. नेमके काय खटकते ते प्रेक्षकाला सांगता येत नाही, पण पात्राला दुसऱ्या भाषेवरून मराठीत आणल्यासारखे वाटू लागते. आरशासमोर ‘संशय’ आणि ‘संत’ एकामागून एक म्हणून पाहावे. फरक पहिल्याच वेळी दिसतो.

दुसरे ठिकाण ‘फ’चे. परंपरागत वर्गवारीत फ हा प, ब, भ, म यांच्या पंक्तीत बसतो, म्हणजे ओठ मिटून श्वास जोराने सुटतो. त्याला A द्यावी. परंतु अनेक मराठी भाषक आज ‘फळ’, ‘फार’ यांतही दात ओठाला लावून इंग्रजी f सारखा उच्चार करतात आणि त्यांच्यासाठी G योग्य ठरते. म्हणून हा निर्णय वर्णाचा नसून कलाकाराचा आहे. ध्वनिमुद्रणात फ च्या आधी क्षणभर शांतता आणि मग स्फोट ऐकू आला तर A, सलग फुसफुस ऐकू आली तर G. एका पात्राच्या बाबतीत एकदा ठरले की शेवटपर्यंत तेच ठेवावे.

तिसरे ठिकाण ‘व’चे, आणि मला स्वतःला यानेच सर्वाधिक छळले आहे. व दंतोष्ठ्य आहे हे खरे, पण इंग्रजी v मध्ये दात ओठावर दाबून हवा घासत सुटते, तर मराठी व मध्ये ओठ दातांजवळ जाऊन नुसता परततो. साधन मात्र प्रत्येक व ला भरघोस G देते आणि ‘वेळ’, ‘वाट’, ‘विचार’ असे शब्द लागोपाठ आले की पात्र सशासारखे ओठ चावत बसते. स्वराआधीच्या व ला मी एकच फ्रेम G देतो, तीही दात अर्धवट दिसतील अशी. आकृती सौम्य करता येत नसेल तर B चालते. शब्दाच्या शेवटी (‘गाव’, ‘देव’) आणि जोडाक्षरात (‘स्वर’, ‘त्वचा’) व ओठ गोल करतो, तिथे E किंवा F हवी. ‘गाव’च्या शेवटी G दिली तर तो परक्याचाच उच्चार वाटतो.

स्वरांबाबत दोनच गोष्टी. इंग्रजी show मधला स्वर शेवटी चंबूकडे सरकतो, आपला ओ सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका जागी राहतो. ‘नको’ लांबवून म्हटले तरी ओठांनी हलू नये. आणि देवनागरीत लिहिलेला प्रत्येक अ बोलला जात नाही. ‘कसला’ मध्ये ‘कस्-ला’ ऐकू येते, ‘वेळ’ हा शब्द ळ्‌वर संपतो, अक्षरे मोजून तोंड उघडले तर दर शब्दात एक फाजील उघडझाप वाढते.

आता एक वाक्य घेऊ: ‘संशय कसला? फार वेळ थांबू नकोस.’ फ मिटल्या ओठांनी म्हणणाऱ्या कलाकारासाठी माझी मांडणी अशी होईल:

```
संशय    B C E B C B
कसला   B C B H D
(विराम)  X
फार     A D B
वेळ     G C B
थांबू    B D A F
नकोस   B C B E B
```

‘कसला’तल्या ल ला H दिली आहे, पण ‘वेळ’मधल्या ळ ला मुद्दाम B. ळ म्हणताना जिभेचे टोक मागे वळते, दातांमागे दिसत नाही. साधन त्याला L समजून H देईल, ती काढून टाकावी. ‘नकोस’च्या ओ साठी F ऐवजी E घेतली, कारण F चा चंबू नुकताच ‘थांबू’च्या ऊ साठी वापरला आहे आणि दोघे वेगळे दिसायला हवेत. दोन सपाट व्यंजने सलग आली की प्रत्येकाला नवी आकृती देण्याचा हट्ट नको. घाईच्या बोलण्यात ‘संशय’चे शेवटचे C B एका B मध्ये विरले तरी चालते.

‘थांबू’ जवळून पाहू. सेकंदाला 24 फ्रेम असतील तर एक फ्रेम साधारण 42 मिलिसेकंदांची होते. हा शब्द अकरा फ्रेमचा असेल तर थ ला एक, आ ला चार, म्ब ला तीन, ऊ ला तीन अशी वाटणी बसते. आधीचे काही आखडायचे झाल्यास आ आखडावा, म्ब चे मिटणे दोन फ्रेमच्या खाली नेऊ नये, कारण ओठ मिटले नाहीत ही चूक प्रेक्षक सर्वांत आधी पकडतो. ओठ आवाजाच्या एखाद-दुसरी फ्रेम आधी मिटले तर ते स्वाभाविक वाटते. उशिरा मिटले तर ध्वनी मागे पडल्यासारखा वाटतो. ‘गप्प’, ‘ठप्प’ अशा द्वित्तांत हीच A जास्त वेळ धरावी लागते, आणि नेमकी ती लांबी साधन बऱ्याचदा कापून टाकते.

तपासताना दोन फेऱ्या कराव्यात. पहिलीत आवाज बंद ठेवून फक्त A आणि F मोजाव्यात: वरच्या वाक्यात A दोनदा (फ, म्ब) आणि F एकदा (ऊ) यायला हवी. जास्त आल्या तर साधनाने कुठेतरी इंग्रजी शब्द ऐकला आहे, कमी आल्या तर मिटणे निसटले आहे. दुसरीत आवाज लावून फक्त अनुस्वार आणि व पाहावेत. बाकीच्या B आणि C मध्ये थोडी अदलाबदल झालेली असली, तर ती शोधण्यात संध्याकाळ घालवू नये.