टबातली केळी: घड भरला की नाही, हे फळाच्या कडा सांगतात

प्रश्न: नागपूरला गच्चीवर मोठ्या टबात केळीचं पिल्लू लावलं तर घड येतो का? आणि घड उतरवायची वेळ झाली हे कसं ओळखायचं? आमच्याकडे कुणी म्हणतं, झाडावर पिवळी होऊ द्या, कुणी म्हणतं, तीन महिने मोजा.

येतो. फक्त जात ठेंगणी हवी. बसराई किंवा अर्धापुरी घ्या. राजेळीसारखी उंच जात गच्चीवर नको. मे-जूनच्या वावटळीत ती टबासकट आडवी होते. टब म्हणजे दोनशे लिटरचा प्लास्टिकचा ड्रम मधोमध कापून मिळतो तेवढा तरी असावा. ओल्या मातीसकट त्याचं वजन दीडशे किलोच्या घरात जातं, म्हणून तो स्लॅबच्या मधोमध न ठेवता बीमवर किंवा कॉलमजवळ ठेवा. भोकं तळाला न पाडता बाजूने, तळापासून दोन बोटं वर पाडा, म्हणजे ती गच्चीला टेकून बुजत नाहीत.

आपल्याकडची काळी माती एकटी भरू नका. पावसाळ्यात ती चिकट होऊन मुळं कुजवते आणि उन्हाळ्यात तडकून मुळं तोडते. एक भाग काळी किंवा पोयटा माती, एक भाग जुनं शेणखत आणि एक भाग धानाचा तूस किंवा कोकोपीट, त्यात दोन-तीन ओंजळी निंबोळी पेंड, एवढं पुरतं. टब काठोकाठ भरू नका, चार-पाच बोटं जागा सोडा. केळीचा कंद हळूहळू वर येतो, मुळं उघडी पडतात, तेव्हा वरून माती-खत टाकायला ती जागा लागते.

मुनवा म्हणजे तुम्ही म्हणता ते पिल्लू निवडताना बहुतेकजण फसतात, कारण दिसायला छान असतो तो नेमका कामाचा नसतो. लहान वयातच रुंद, मोठी पानं काढलेला मुनवा आईच्या कंदाला नीट जोडलेला नसतो. त्याचा स्वतःचा कंद लहान राहतो आणि घडही बारीक येतो. तुम्हाला हवा तो अरुंद, तलवारीच्या पात्यासारख्या पानांचा, बुडाशी जाड आणि शेंड्याकडे निमुळता. कंद अर्धा ते पाऊण किलोचा असावा. आणल्यावर जुनी मुळं छाटा आणि कंदाचा पातळ काप काढून आत बघा. आत पांढरं स्वच्छ असेल तर लावा. काळी बोगदी दिसली तर सोंडकिडा आहे, तांबूस-तपकिरी रेघा किंवा वलयं दिसली तर मर रोगाची शंका. असा मुनवा मातीला लागूच देऊ नका. चांगला कंद एक-दोन दिवस सावलीत ठेवून जखमा सुकू द्या आणि मग लावा.

लावायची वेळ जूनअखेर ते जुलै. शेतात केळी नऊ-दहा महिन्यांत निसवते, म्हणजे तिचा घड बाहेर पडतो, टबात मात्र वर्षभर धरून चाला, कारण नागपूरच्या डिसेंबर-जानेवारीत तिची वाढ जवळजवळ थांबते. पावसाळ्यात आठवड्या-दहा दिवसांनी एक पान येतं, थंडीत तेच पान तीन-तीन आठवडे सुरळीतच अडकून राहतं. तेव्हा घाबरून पाणी आणि युरिया वाढवू नका. उलट पाणी कमी करा. हा उशीर आपल्या पथ्यावरच पडतो. जुलैत लावलेलं झाड पुढच्या जून-जुलैत निसवतं आणि घड पावसाळ्यात भरतो. घड कडाक्याच्या थंडीत निसवायला आला तर तो गळ्यातच अडकतो. खोड वरून फुगतं, केळफूल नीट बाहेर पडत नाही आणि फण्या एकमेकींत दाबल्या जातात.

उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ एकेक बादली पाणी लागतं आणि दुपारच्या उन्हाला हिरवी नेट. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी मात्र झाडाला घालू नका. पाणी उडून गेलं की क्षार टाकीतच साचतात. टबात ते पाणी ओतत राहिलात तर पानांच्या कडा करपतात, आणि लोकांना वाटतं ऊन लागलं. खतात केळीला सगळ्यांत जास्त भूक पालाशची. दुसऱ्या महिन्यापासून दर पंधरा दिवसांनी दहा ग्रॅम युरिया आणि पंधरा ग्रॅम सल्फेट ऑफ पोटॅश बादलीभर पाण्यात विरघळवून द्या. थंडीत हे निम्मं करा. जुनी पानं टोकाकडून नारिंगी-पिवळी होऊन मोडायला लागली की पालाश कमी पडतंय.

हे सगळे लाड निसवण्याआधी करायचे. घडात किती फण्या येणार हे फूल खोडाच्या आत असतानाच ठरून जातं, आणि घड बाहेर पडला की झाड नवीन पान काढत नाही. त्या वेळी जेवढी हिरवी पानं आहेत तेवढ्यांच्याच जोरावर फळ भरायचं असतं. ती किमान आठ असावीत. आपल्या वेळापत्रकात घड ऐन भरात येतो तो भाद्रपदात, आणि महालक्ष्म्यांच्या जेवणाला पानं मागायला तेव्हाच सगळी गल्ली दारात उभी असते. मी सरळ नाही म्हणतो. वाईटपणा येतो, पण एकेक पान गेलं की तेवढं फळ बारीक राहतं. आजूबाजूला फुटलेले मुनवे मातीसपाट कापत राहा, निसवल्यानंतर फक्त एक राखा.

निसवल्यावर केळफुलाची एकेक पाती उचलली जाते आणि तिच्याखाली फणी उघडते. काही फण्यांनंतर खाली अगदी काडीएवढी केळी दिसू लागतात. ती वाढत नाहीत. शेवटच्या खऱ्या फणीखाली वीतभर दांडा सोडून केळफूल कापा आणि भाजी करा. घड वाकायला लागला की दोन बांबूंची कैची करून खोडाला टेकू द्या.

आता तुमचा मूळ प्रश्न. महिने मोजणं हा अंदाज आहे, खूण नव्हे. निसवल्यापासून साधारण नव्वद ते एकशे वीस दिवस लागतात, पण ढगाळ पावसाळ्यात किंवा थंडीत ते लांबतात. मी बघतो ते फळाच्या कडा. कोवळं केळं आडवं कापलं तर ते चौकोनी-पंचकोनी दिसतं, अंगठा फिरवला तर कडा बोचतात. आतला गर भरत गेला की सालीवर ताण येतो, कडा गोल होतात आणि गडद हिरवा रंग फिका पडतो. टोकाला सुकलेला फुलाचा काळा तुरा बोटाने ढकलला तरी गळतो.

डोळ्यांवर विश्वास नसेल तर दोरा घ्या. वरून दुसरी फणी, तिच्या बाहेरच्या ओळीतलं मधलं केळं. त्यावर पेनने खूण करा आणि दर रविवारी त्याच जागी दोरा गुंडाळून पट्टीवर मोजा. माझ्या मागच्या बसराईचं हे केळं ऑगस्टच्या सुरुवातीला आठ सेंटिमीटर घेराचं होतं आणि आठवड्याला साधारण अर्धा सेंटिमीटर वाढत होतं. सप्टेंबरच्या मध्याला ते अकराच्या आसपास आलं आणि वाढ मंदावली. पुढे दोन-तीन मिलिमीटर, मग साडेअकरावर दोन रविवार काहीच फरक नाही. कडांचा फक्त माग उरला होता. दसऱ्याच्या आधी घड उतरवला. तुमच्या झाडाचा आकडा वेगळा येईल, त्यामुळे माझा साडेअकरा धरून बसू नका. वाढ थांबली का, एवढंच बघा. एक काळजी घ्या. पानं आधीच सुकून गेली असतील तर घेर थांबतो तो उपासमारीने. तेव्हा कडा अजून बोचत असतात. असा घड आणखी ठेवून भरत नाही. उतरवा आणि कच्च्या केळ्यांची भाजी किंवा वेफर करा.

झाडावर पिवळी होऊ देण्याचा सल्ला मानू नका. पूर्ण भरलेलं केळं झाडावर राहिलं की साल तडकते, विशेषतः उघडीप होऊन परत पाऊस आला तर. आत गर पिठूळ होतो. आणि पहिलं केळं पिवळं व्हायच्या आत खारींना आणि रात्री वटवाघळांना पत्ता लागतो. वरची फणी आधी उघडलेली असते म्हणून ती आधी पिकते. एक केळं जरी पिवळसर दिसलं तरी घड त्याच दिवशी उतरवा.

उतरवायला दोन माणसं लागतात. एकाने घड खालून धरायचा, दुसऱ्याने वर वीतभर दांडा ठेवून कोयत्याने कापायचा. जुने कपडे घाला, चिकाचा डाग जात नाही. घड सावलीत उलटा टांगा, चीक गळू द्या आणि आधी उघडलेल्या फण्यांपासून दोन-दोन करून काढा. सगळ्या एकदम काढल्यात तर एकाच दिवशी सत्तर केळी पिकून बसतील. काढलेल्या फण्या तणसात किंवा कागदात गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवा, सोबत एक पिकलेलं केळं टाका. त्याच्या वायूने बाकीची पिकायला लागतात. डबा घरातल्या सगळ्यांत गार खोलीत हवा. खोली तिशीच्या वर तापलेली असेल तर बसराईचा गर मऊ होतो आणि साल हिरवीच राहते. लोक अजून कच्चं आहे म्हणून थांबतात आणि केळी आतून सडतात. आपल्याकडच्या ऑक्टोबर हीटमध्ये हे हमखास होतं, म्हणून रंग न बघता हलकं दाबून बघा. आणि कच्ची फणी फ्रिजमध्ये नको, साल काळी पडते आणि नंतर बाहेर ठेवलं तरी नीट पिकत नाही.

घड उतरवल्यावर आईचं खोड लगेच मुळासकट काढू नका. वरची पानं छाटा, कमरेएवढं खोड राहू द्या. त्यातला रस राखलेल्या मुनव्याला मिळत राहतो. ते सुकलं की काढा, वरची जुनी माती खरवडून तिथे शेणखत भरा. त्याच टबात दुसरा घड पहिल्यापेक्षा लहान येतो, म्हणून मी दुसऱ्या घडानंतर टब पूर्ण रिकामा करून नव्या मातीत नवा मुनवा लावतो.