बंद पडलेल्या जिनिंगने भावाला दिलेले पैसे परत येऊ शकतात का?

प्रश्न : "आमच्या भागातली जिनिंग प्रायव्हेट लिमिटेड होती, आता लिक्विडेशनमध्ये गेली. आम्हा शेतकऱ्यांचे कापसाचे पैसे अडकले पण डायरेक्टरनं आपल्या भावाचं ४० लाखाचं उसनं मार्च २०२३ मध्ये एकदम फेडलं. दिवाळखोरीची केस मे २०२४ ला ॲडमिट झाली. लिक्विडेटर ते पैसे मागू शकतो का?"

हो भाऊ, लिक्विडेटर म्हणजे बंद कंपनीची मालमत्ता विकून देणी भागवणारा माणूस, तो मागू शकतो. मी यवतमाळकडं अकाउंट्सचं काम करतो, अशा कंपन्यांची जुनी खाती तपासून देतो. दिवाळखोरीचा कायदा म्हणजे इन्सॉल्व्हन्सी कोड, त्याचं कलम ४३ यासाठीच आहे. कंपनी डबघाईला आली असताना ज्याचं कंपनीकडं जुनं येणं आहे अशा एकाला, तो बाकीच्यांसारखा रांगेत उभा राहिला असता तर मिळालं असतं त्याहून जास्त देऊन टाकलं तर लिक्विडेटर कंपन्यांच्या केसेस चालवणाऱ्या न्यायाधिकरणात, म्हणजे एनसीएलटीत, अर्ज करून तो व्यवहार रद्द करायला लावतो. बाहेरच्या माणसाला दिलं असेल तर एकच वर्ष मागं जाता येते, पण डायरेक्टरचा भाऊ म्हणजे रिलेटेड पार्टी, तिथं दोन वर्षं. तुमच्या केसमध्ये अंतर चौदा महिन्याचं आहे म्हणून भाऊ सापडतो, तेच पैसे कोण्या परक्या व्यापाऱ्याला दिले असते तर या कलमात बसलं नसतं.

डायरेक्टरची नियत खराब होती हे इथं सिद्ध करावं लागत नाही, हे लोकांना माहीतच नसते. हिशेब पाहा, भावाचं कर्ज विनातारण होतं, लिक्विडेशनमध्ये बँक आणि कामगारांच्या नंतर त्याचा नंबर, हाती थोडंच लागलं असतं अन् त्याला मिळाले पूर्ण ४० लाख.

भाऊ म्हणेल हा तर नेहमीचा व्यवहार होता. तेव्हा बँक स्टेटमेंट काढून पाहायचं, आधी दर महिन्याला हप्ता जात होता का, की कापूसवाल्यांचे पेमेंट थांबले त्याच हंगामात सगळी रक्कम एकदम गेली? सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये जेपी इन्फ्राटेकच्या निकालात सांगितलं की नेहमीचा व्यवहार हा घेणाऱ्याच्याच नाही तर देणाऱ्या कंपनीच्याही बाजूनं नेहमीचा पाहिजे. जिनिंगनं मशीनच्या पार्टच्या बिलाचं पेमेंट नेहमीसारखं केलं असेल तर ते सुटते, हे उसनं सुटणं कठीण आहे.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगतो, ४० लाख परत आले तरी सरळ तुमच्या खात्यात येणार नाहीत, ते कंपनीच्या मालमत्तेत जमा होतात अन् कलम ५३ च्या क्रमानं वाटतात. आधी खर्च, मग कामगार आणि तारणवाली बँक, शेतकरी बराच खाली. म्हणून बँकेचं देणं किती बाकी आहे ते आधी विचारा.

हा अर्ज सहसा लिक्विडेटरच करतो, म्हणून त्याला लेखी कळवा अन् पोच घ्या. सौदा पावती, काटा पट्टी, कधी किती पेमेंट बाकी राहिलं याची तारीखवार यादी जोडा, तुमचं पेमेंट थांबल्याची अन् भावाला पैसे गेल्याची तारीख शेजारी-शेजारी आली की त्याचं काम सोपं होते. आणि स्वतःचा क्लेम नोटिशीत दिलेल्या मुदतीत आधी भरा.