ब्रेकनंतरचा मेल: वाकून लिहू नका

प्रश्न: "बाळंतपणासाठी नोकरी सोडली होती. आता तीन वर्षांनी परत सुरू करायचंय. रिक्रूटरला ओळख करून देणारा पहिला मेल आत्मविश्वासाने कसा लिहू?"

गॅपला मेलमध्ये एकच ओळ द्या, तीही वरून तिसरी-चौथी.

मी वाळूजला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीत होते. मुलगी झाल्यावर 2018 मध्ये सोडलं, कारण आई परभणीला, सासूबाई अंबाजोगाईला आणि इथे घरात आम्ही दोघंच. परत सुरू करायचं म्हटल्यावर आमच्या दाजींनी मला न विचारताच मेल लिहून ओळखीच्या कन्सल्टंटला धाडला. ते स्वतः परचेसला आहेत, त्यामुळे नोकऱ्यांतलं सगळं त्यांनाच कळतं. मजकूर असा: "कौटुंबिक जबाबदाऱ्यांमुळे मला नोकरी सोडावी लागली होती. आता मुलगी मोठी झाली आहे. कृपया सहानुभूतीपूर्वक विचार करावा." उत्तर आलं, ट्रेनीची जागा निघाली तर कळवतो. सहा वर्षं काम केलेल्या बाईला ट्रेनी! दाजी म्हणाले, "अगं, सुरुवातीला जरा वाकावंच लागतंय." मी म्हणाले, त्या मेलमध्ये मला काय येतं याचा एक शब्द नाही, मग तो माणूस दुसरं काय देणार?

मग मी माझा लिहून दुसऱ्याच एका रिक्रूटरला पाठवला. मेल इंग्रजीत गेला, इथे मराठीत सांगते. विषयाची ओळ: "क्वालिटी इंजिनिअर, 6 वर्षे, पीपॅप व एफएमईए, वाळूज, 15 दिवसांत जॉइनिंग." पीपॅप म्हणजे भाग ग्राहकाकडून मंजूर करून घेण्याची कागदपत्रं, आणि एफएमईए म्हणजे कुठे काय बिघडू शकतं याचा आधीच मांडलेला तक्ता. रिक्रूटर मेल मोबाईलवर बघतो, त्याला आधी विषयाची ओळच दिसते. पुढे:

"वाळूजच्या प्रेस पार्ट प्लांटमध्ये 6 वर्षे सप्लायर क्वालिटी पाहिली. लेव्हल 3 चे पीपॅप स्वतः तयार करून ग्राहकाकडून मंजूर करून घेतले. 2018 पासून मातृत्वासाठी ब्रेक घेतला होता, आता पूर्णवेळ कामासाठी उपलब्ध आहे. ब्रेकमध्ये 2019 च्या नव्या एफएमईए पद्धतीवर सराव केला, नमुना सोबत जोडला आहे. शेवटचा पगार (2018) आणि अपेक्षित पगार रेझ्युमेत आहे."

यातलं सगळ्यात कामाचं वाक्य नमुन्याचं. रिक्रूटरच्या मनातली शंका मुलीबद्दल कमी असते, "हिला अजून जमतंय का" ही जास्त असते. आमच्या धंद्यात मी घरी असतानाच मोठा बदल झाला. आधी एफएमईएत प्रत्येक दोषाची तीव्रता, घडण्याची शक्यता आणि सापडण्याची शक्यता यांना 1 ते 10 गुण देऊन गुणाकार करायचो, त्याला आरपीएन म्हणायचे, आणि बऱ्याच ठिकाणी 100 च्या वर गेला तरच हालचाल व्हायची. 2019 च्या एफएमईए हँडबुकने तो काढून ॲक्शन प्रायॉरिटी आणली, म्हणजे उपायाची निकड हाय, मीडियम की लो हे थेट तक्त्यातून बघायचं. मी एक साधा ब्रॅकेट घेतला (कंपनीची फाईल घरी नव्हती, नसावीही) आणि त्यावर दोन्ही पद्धती मांडल्या. एका दोषाला तीव्रता 9, घडणं 4, सापडणं 2. गुणाकार 72, म्हणजे जुन्या हिशेबात दुर्लक्षच. नव्या तक्त्यात तोच दोष "हाय". पुढे माझ्या मते काय उपाय करायचा, ते एका ओळीत लिहिलं. एक पान, बस.

त्या रिक्रूटरने उत्तरात मुलीबद्दल विचारलंच नाही. विचारलं ते, ग्राहक कोणते आणि पीपॅप नाकारले गेले तर तुम्ही काय करायचा. या प्रश्नांची उत्तरं मला झोपेतही देता आली असती. दाजी अजून सगळ्यांना सांगतात की ती नोकरी त्यांच्या ओळखीने लागली. त्या रिक्रूटरला दाजी कोण हेही माहीत नव्हतं.

तुमचं क्षेत्र वेगळं असेल तर एफएमईए सोडा आणि एवढंच शोधा: तुम्ही घरी असताना तुमच्या कामात काय बदललं? अकाउंट्समधल्या बाईला जीएसटीतले बदल सापडतील. त्यावर एक पान करा. नुसते "कोर्स केले" लिहून काही होत नाही, सगळेच लिहितात.

मुलाला कोण सांभाळणार हे मेलमध्ये अजिबात लिहू नका. फोनवर विचारलं तर "सोय झालेली आहे" म्हणा आणि शिफ्ट कोणती चालेल ते सांगा. ते मात्र आधी घरात ठरवा, कारण प्लांटमध्ये शिफ्टचा प्रश्न येतोच आणि तिथे अडखळलात की मेलचा सगळा रुबाब जातो. पगाराच्या रकान्यात शून्य टाकू नका, शेवटचा पगार वर्षासकट लिहा.

आणि हो, हे सगळं राजीनामा दिलेल्यांसाठी. तुम्ही कायद्याच्या 26 आठवड्यांच्या रजेवर असाल आणि नोकरी सोडली नसेल, तर तो गॅपच नाही, अनुभव सलग धरा. तुम्ही लिहिलंय सोडली म्हणून, पण रिलीव्हिंग लेटरवरची तारीख एकदा बघा. माझ्या ओळखीतल्या एकीने रजेचे महिनेसुद्धा ब्रेकमध्ये मोजले होते.