पीपीटीवरून पालकांसाठी महिन्याचं वार्तापत्र

प्रश्न: माझ्याकडे सगळ्या धड्यांच्या पीपीटी तयार आहेत. त्यावरून पालकांसाठी दर महिन्याला "मुलं काय शिकली" असं वार्तापत्र काढायचंय, कसं करू?

मी कोथरूडला सातवीला विज्ञान शिकवते आणि तीन वर्षं हे वार्तापत्र काढतेय. पहिल्या वर्षी मी स्लाइडची हेडिंगच उचलून खाली टाकायचे, "उष्णतेचे वहन, अभिसरण, प्रारण" असं, आणि तिथेच चुकले. त्या महिन्यात गणपतीच्या सुट्ट्या आल्या, प्रारण शिकवायचं राहूनच गेलं, पण पीपीटीत होतं म्हणून वार्तापत्रातही गेलं. एका आईने घरी मुलीला विचारलं तर ती म्हणाली हे शिकवलंच नाही, आणि आईला वाटलं पोरीचं वर्गात लक्ष नसतं. मुलीला उगाच बोलणी बसली, मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून तास संपला की ज्या स्लाइडपर्यंत पोचलो तिच्या खालच्या नोट्समध्ये तारीख टाकते, आणि तारीख नसलेली स्लाइड वार्तापत्रात घेत नाही.

पण तारीख असली तरी त्यावरून फक्त मी काय शिकवलं तेच कळतं, मुलं काय शिकली ते नाही. म्हणून धड्याच्या पीपीटीत मी एकच स्लाइड जास्तीची टाकते, एका प्रश्नाची, आणि तो प्रश्न दोनदा विचारते, शिकवायच्या आधी आणि नंतर, मुलं चिठ्ठीवर उत्तर लिहून देतात. वहनाच्या धड्याला माझा प्रश्न असतो की बर्फाचे दोन सारखे खडे घेतले, एक उघडा ठेवला आणि एक लोकरीच्या स्वेटरात गुंडाळला, तर आधी कुठला वितळेल? गेल्या वर्षी 38 पैकी 27 मुलांनी आधी "स्वेटरातला" लिहिलं, कारण स्वेटर ऊब देतो असंच सगळ्यांना वाटतं. मग वर्गात करून बघितलं तर उघडा खडा आधी गेला आणि मुलं अक्षरशः उठून टेबलाभोवती जमली. लोकरीत हवा अडकलेली असते, तिच्यातून उष्णता फार सावकाश जाते, त्यामुळे अंगाची उष्णता बाहेर जायला जसा वेळ लागतो तसाच बाहेरची बर्फापर्यंत यायलाही लागतो. नंतरच्या चिठ्ठ्यांमध्ये 9 जणांचं अजून चुकलेलं होतं.

आता वार्तापत्रात 24 स्लाइडच्या जागी एवढंच गेलं: "मुलांनी बर्फाचा प्रयोग करून बघितला. स्वेटर स्वतः उष्णता देत नाही, उष्णतेचं येणं-जाणं हळू करतो, हे बहुतेकांना कळलंय. काहींचा अजून गोंधळ आहे, त्यावर पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलू. घरी विचारून बघा: गरम आमटीत स्टीलचा डाव ठेवला तर दांडा तापतो, लाकडाचा का नाही तापत?" त्या 9 जणांची नावं अजिबात टाकायची नाहीत, आकडासुद्धा मी टाकत नाही, नाहीतर ग्रुपवर "माझा त्यात आहे का मॅडम" सुरू होतं.

घरी करायला प्रयोग देणार असाल तर अटी नीट लिहा. एका घरी आजीने हौसेने नातवाला बर्फ गोधडीत गुंडाळून दिला पण तो खडा मुळात छोटा होता, आधी वितळला, आणि पोरगं वर्गात येऊन म्हणालं मॅडम तुमचं चुकलं. म्हणजे खडे एकाच ट्रेमधले, दोन्ही वाट्या शेजारीशेजारी, उन्हात किंवा पंख्याखाली नाही, आणि सारखं उघडून बघायचं नाही.

पीपीटीतून मजकूर काढताना `View` मध्ये `Outline View` उघडलंत तर सगळ्या स्लाइडचा मजकूर एका जागी कॉपी करता येतो, फक्त लक्षात ठेवा की तिथे टायटल आणि लेआउटच्या मूळ चौकटीत लिहिलेलंच दिसतं, वेगळा टेक्स्ट बॉक्स टाकून, टेबलात किंवा चित्रावर लिहिलेलं येत नाही, आणि नेमका प्रयोग आपण बॉक्समध्येच लिहिलेला असतो. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधली स्लाइड असेल तर पेस्ट केल्यावर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात, ती दुरुस्त करत बसू नका, तुम्हाला चारच वाक्यं हवी आहेत, ती हाताने टाइप करा.

आणि ए-फोरची दोन कॉलमवाली पीडीएफ नको, पालक ती रिक्षात, बसमध्ये फोनवर उघडतात आणि झूम करून कंटाळतात. मी आता चार-पाच ओळी सरळ ग्रुपवर मेसेज म्हणून टाकते, आणि ज्यांच्या घरी मुलाकडे फोन येत नाही त्यांच्यासाठी तेच वहीत चिकटवायला अर्ध्या पानाची झेरॉक्स देते.