चष्मा आहे तरी फळा दिसत नाही, असं का? अल्बिनिझमबद्दल तुमचे प्रश्न

गेल्या काही महिन्यांत जळगाव, धुळे, नंदुरबारकडून याच विषयावर इतके प्रश्न आलेत की एकेकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकते. मी डोळ्यांची डॉक्टर आहे त्यामुळे डोळ्यांवर जास्त बोलणार, कातडीचं मात्र स्किनच्या डॉक्टरांनाच दाखवा.

सून पोटुशी असताना ग्रहणात भाजी चिरली, म्हणून नात अशी पांढरी झाली का?

नाही. आणि हे सुनेला परत ऐकवू नका, यात तुमच्या मुलाचा वाटा तिच्याइतकाच आहे, कसा ते खाली तिसऱ्या उत्तरात वाचा.

हे कोडच ना? शेजारचे म्हणतात ताटवाटी वेगळी ठेवा.

कोड नाही. कोडात आधी असलेला रंग नंतर कधीतरी डागाडागाने जातो. अल्बिनिझममध्ये रंग बनवणाऱ्या पेशी जागेवर असतात पण त्यांना मेलॅनिन बनवता येत नाही किंवा फारच कमी बनवता येतं, आणि ते जन्मापासूनच, कातडी, केस, डोळे तिन्हीकडे. दोन्हीपैकी काहीच शिवल्याने किंवा उष्ट्याने लागत नाही. ताट एकच ठेवा.

आम्ही पावरा, घरात सगळे सावळे. हे तर गोऱ्या लोकांत असतं ना? आमच्यात कुठून आलं?

हे सगळ्या समाजात, सगळ्या वंशात असतं. जगात साधारण 17 ते 20 हजारांत एक असं धरतात, आणि आफ्रिकेतल्या टांझानियात, जिथे लोक आपल्याहून कितीतरी काळे, तिथे जवळपास 1400 मागे एक. सावळ्या घरात ते पटकन डोळ्यात भरतं एवढंच.

येतं कसं, तर आई आणि बाप दोघांकडेही रंगाच्या जीनची एक चांगली आणि एक बिघडलेली प्रत असते. एक चांगली असली की काम भागतं, म्हणून दोघं दिसायला नॉर्मल. बाळाला दोन्हीकडून बिघडलेलीच आली तर अल्बिनिझम, आणि ती शक्यता दर बाळंतपणाला 25 टक्के, म्हणजे पहिलं असं झालं म्हणून दुसरं नक्की तसं नाही आणि पहिलं ठीक म्हणून दुसरं नक्की ठीक असंही नाही. मामाच्या मुलीशी लग्न झालं असेल तर तीच बिघडलेली प्रत दोघांकडे असण्याची शक्यता वाढते. दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर आधी जेनेटिक सल्ला घ्या.

टांझानियात अंधश्रद्धेपायी अशा लोकांवर हल्ले झालेत, त्यांच्या हाडांनी पैसा येतो म्हणून. आपल्याकडे कोणी जीव घेत नाही पण पोराला लग्नाच्या पंगतीत न बसवता मागच्या खोलीत ठेवतात, ते मी पाहिलंय.

मना पोऱ्याले चष्मा शे तरी फळा दिखस नही, मास्तर म्हणस मंद शे. काय करू?

तुमचा पोरगा मंद नाही. याच प्रश्नासाठी मी हा कॉलम लिहायला घेतला, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पोटात डोळा तयार होतो तेव्हाच त्याला मेलॅनिन लागतं. पडद्याच्या मधोमध बारीक दिसणारा जो खड्डा असतो तो मेलॅनिनशिवाय नीट तयार होत नाही, आणि डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसांची वाटणीही चुकते, नेहमीपेक्षा जास्त धागे पलीकडच्या बाजूला जातात. म्हणून चष्मा लावून 6/6 होत नाही. चष्मा फक्त नंबर भरून काढतो, पडदा बदलत नाही. पण नंबर बहुतेकांना असतो, कधी मोठा असतो, त्यामुळे "चष्म्याने काय होणार" म्हणून तो काढून ठेवू नका.

चोपड्याकडचा एक चौथीतला मुलगा आला होता, शाळेने मतिमंदांच्या शाळेत घाला सांगितलं म्हणून. चष्म्याविना 6/60, चष्म्याने 6/36. 6/60 म्हणजे जे इतरांना 10 मीटरवरून वाचता येतं त्याला हा 1 मीटरवर जायला हवा, आणि चष्म्यानंतरही दीडपावणेदोन मीटर. वर्गात तो तिसऱ्या बाकावर, खिडकीकडे तोंड करून. आणि याच पोराने माझ्या टेबलावरचा बिस्किटाचा पुडा नाकापाशी धरून मागची सगळी बारीक अक्षरं वाचून दाखवली. त्याला वाचता येत होतं, फळा तेवढा लांब होता.

मग आम्ही काय केलं, तर पहिला बाक, उजेड थेट डोळ्यात येऊ नये म्हणून खिडकीकडे पाठ आणि डोक्यावर टोपी वर्गातसुद्धा, उन्हासाठी रंगीत काचेचा चष्मा, पुस्तकासाठी घुमटासारखं भिंग, आणि फळ्यासाठी हातात धरायची 4 पटीची छोटी दुर्बीण. दुर्बिणीने तो 6/12 ची ओळ वाचायला लागला. अपंगत्वाच्या सर्टिफिकेटच्या बोर्डाने त्याला अल्पदृष्टीचे 40 टक्के दिले, आता परीक्षेत तासाला 20 मिनिटं जास्त मिळतात.

अजून दोन गोष्टी. पुस्तक जवळ धरल्याने डोळे खराब होत नाहीत, त्यावरून ओरडू नका. आणि मान वाकडी करून बघत असेल तर मान सरळ करू नका, त्याचे डोळे सारखे हलतात आणि त्या एका कोनात कमी हलतात, म्हणून तिथेच त्याला सगळ्यात चांगलं दिसतं.

हे डोळे हलणं बाळ दोन-तीन महिन्यांचं असताना सुरू होतं. नजर लागली म्हणून दृष्ट काढण्यात लोक चार-पाच वर्षं घालवतात आणि पोरगं शाळेत गेल्यावर येतात, तोवर आळशी, हट्टी, मंद सगळी नावं लागून झालेली असतात. बाळाचे डोळे हलताना दिसले की त्याच आठवड्यात दाखवा, आणि जिथे लो व्हिजनची सोय आहे तिथे पाठवायला डॉक्टरांना स्वतः सांगा.

भुसावळला एक जण 12 हजाराचा कोर्स देतो, मलम आणि काढा, सहा महिन्यांत रंग येतो म्हणे. घ्यावा का?

घेऊ नका. जीनमधला बिघाड मलमाने जात नाही. त्यातल्या काही माणसांचा धंदा असा की उन्हात रापलेली लाल कातडी दाखवून "बघा रंग यायला लागला" म्हणतात, ती भाजलेली कातडी असते! त्या 12 हजारात चष्मा, भिंग आणि वर्षभराचं सनस्क्रीन येईल.

मुलगी सोळाची, कपाशी वेचायला नेली तर चालेल का? सनस्क्रीन लावते ती.

दिवसभर नको. मेलॅनिन नसलेल्या कातडीला ऊन वर्षानुवर्षं लागलं की तिथे कॅन्सर होतो, तो कान, ओठ, मान, मनगट इथे आधी येतो. ढगाळ दिवशीही हे किरण येतात.

आधी कपडे, मग सनस्क्रीन. पूर्ण बाह्या, रुंद काठाची टोपी, खाली रुमाल कान आणि मान झाकेल असा. सनस्क्रीन एसपीएफ 30 च्या वरचं, चेहरा आणि मानेला दोन बोटांच्या लांबीइतकं, बाहेर पडायच्या 20 मिनिटं आधी, आणि दर दोन तासांनी परत. सकाळी एकदा चोळलं आणि संध्याकाळी आली तर दुपारपासून काहीच लावलेलं नव्हतं असं समजा. जायचंच असेल तर उजाडता जा आणि 9 च्या आत परत. चार आठवड्यांत न भरलेली जखम किंवा खरखरीत खपली दिसली तर स्किनच्या डॉक्टरकडे, हळद लावत बसू नका.

तिरळेपणाचं ऑपरेशन केलं तर दिसायला लागेल का?

डोळे सरळ दिसतील, नजर तेवढीच राहील. पण ऑपरेशन आधी डॉक्टरांना हे सांगा की जरा लागलं की निळे डाग पडतात का, नाकातून रक्त येतं का, दात काढल्यावर रक्त थांबलं नव्हतं का. अल्बिनिझमचा एक कमी आढळणारा प्रकार असा आहे ज्यात प्लेटलेट नीट काम करत नाहीत, त्यांची संख्या रिपोर्टात नॉर्मल येते आणि रक्त तरी थांबत नाही. असं काही असेल तर रक्ताच्या डॉक्टरांना भेटल्याशिवाय तारीख घेऊ नका, अंगदुखीवर ॲस्पिरिनही देऊ नका.