आयात शुल्क आणि सोन्याचा भाव

प्रश्न: जुलै २०२४मध्ये आठवड्यात सोनं एवढं उतरलं, त्याचं कारण लक्ष्मी रस्त्यावरच्या आमच्या सराफांच्या पत्रात आयात शुल्क दिलंय. खरं आहे का?

उत्तर: होय, मुख्य कारण तेच आहे. २३ जुलैच्या अर्थसंकल्पात सोन्यावरील एकूण आयात शुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आणले गेले. त्यामुळे शुल्कापूर्वीची किंमत ६४,००० रुपये धरली, तर दहा ग्रॅममागे ९,६०० रुपयांऐवजी ३,८४० रुपयेच शुल्क लागू लागले. मात्र त्याच सुमारास जागतिक भावही उतरला होता, त्यामुळे सगळी घसरण शुल्काच्या खात्यावर टाकता येणार नाही. जीएसटीचा दर ३ टक्केच राहिला. घडणावळ भावाच्या टक्केवारीने लावत असतील, तर बिलात तीही उतरलेली दिसायला हवी.